पदरचं वाक्य

लंडनमधली एक तालीम. 1950 सालचं एक कष्टकरी कुटुंब टेबलाभोवती बसलंय. मुलीचं लग्न ठरलंय, घरात आनंद आहे, बाटली उघडली आहे. नट कितीतरी वेळ आपापल्या भूमिकेतच वावरताहेत. कुणाच्याही हातात संहिता नाही, कारण संहिता नाहीच. तेवढ्यात दार वाजतं. दारात पोलीस. त्यांना या घरच्या आईशी बोलायचंय.

टेबलाशी बसलेल्या नवऱ्याला, मुलाला, मुलीला, म्हणजे त्या भूमिका करणाऱ्या नटांना, पोलीस का आलेत याची काहीही कल्पना नव्हती. आईची भूमिका करणाऱ्या इमेल्डा स्टाँटनला एक गोष्ट माहीत होती: ही प्रेमळ, सगळ्यांच्या मदतीला धावणारी बाई अडलेल्या पोरीबाळींचे चोरून गर्भपात करते. त्या प्रसंगांच्या तालमी तिने वेगळ्या नट्यांबरोबर केल्या होत्या. पोलीस आज, या टेबलाशी येणार आहेत, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. ‘व्हेरा ड्रेक’ हा तो चित्रपट. दिग्दर्शक माइक ली. 2004 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि स्टाँटनला अभिनयाचा.

ही हकिकत ऐकली की बहुतेकांना वाटतं, त्या दिवशी कॅमेरा चालू असणार. तो खरा धक्का पडद्यावर आलाय. तसं नाही. ती तालीम होती, चित्रीकरण नव्हतं. आपण पडद्यावर पाहतो तो प्रसंग नंतर चित्रित झाला. तेव्हा प्रत्येकाला आपलं वाक्य माहीत होतं, दार कधी वाजणार हे माहीत होतं, आणि कुणी एखादा शब्दही मनाने घालणं अपेक्षित नव्हतं.

उत्स्फूर्त अभिनयाविषयी आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात हा फरक हमखास निसटतो. तो निसटण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. आपल्याला उत्स्फूर्तपणा माहीत आहे तो रंगमंचावरचा. नटाने संहितेत नसलेलं वाक्य घातलं की नाटकवाले म्हणतात, ‘अ‍ॅडिशन घेतली’. जुनी मंडळी म्हणायची, ‘पदरचं वाक्य टाकलं’. तमाशातली बतावणी तर यावरच उभी असते. कोकणातल्या दशावतारात कथानक पुराणातलं, पात्रं ठरलेली, पण संवाद नटांनी उभ्या उभ्या रचायचे. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके त्या दिवसाच्या राजकारणावर काय बोलतील ते ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे: समोर प्रेक्षक बसलेला आहे. पदरचं वाक्य लागलं की नाही, याचा निकाल दोन सेकंदांत लागतो. हशा आला तर वाक्य उद्याच्या प्रयोगातही येतं, नाही आला तर गुपचूप गळून जातं.

चित्रपटाच्या सेटवर हा निकाल देणारं कुणीच नसतं. युनिटमधल्या पन्नास माणसांनी हसू दाबायचं असतं, नाहीतर ध्वनिमुद्रण बिघडतं. शिवाय ते वाक्य एकदा बोलून भागत नाही. म्हणून चित्रपटात खरा प्रश्न ‘सुचेल ते बोलू द्यायचं का’ एवढाच नसतो. ते केव्हा बोलू द्यायचं, हा असतो. माइक ली यांची पद्धत पाहण्यासारखी आहे ती यासाठी. त्यांनी या प्रश्नाचं उत्तर फार कडक दिलंय: कॅमेरा येण्याआधी सगळं मोकळं, कॅमेरा आल्यावर सगळं बंद.

ही पद्धत चालते ती अशी. नट करारावर सही करतो तेव्हा त्याला गोष्ट माहीत नसते. आपली भूमिका मोठी की दोन प्रसंगांची, हेही माहीत नसतं. पहिले काही आठवडे तो आणि दिग्दर्शक दोघेच बसतात. नटाने आपल्या ओळखीतल्या खऱ्या माणसांची लांबलचक यादी करायची: शाळेतले, गल्लीतले, नात्यातले, एकदाच भेटलेले. त्यातला एखादा, किंवा दोघातिघांचं मिश्रण, पात्राचा पाया म्हणून निवडला जातो. मग त्या पात्राचा जन्मापासूनचा इतिहास रचायचा. शाळा कुठली, पहिला पगार कुठे मिळाला, कोणाशी बोलणं तुटलं. त्यानंतर नट एकटाच खोलीत ते पात्र होऊन बसतो. काही घडत नाही. पात्र चहा करतं, खिडकीतून बघतं, कंटाळतं.

मग हळूहळू पात्रांच्या भेटी सुरू होतात. इथला नियम एकच, पण तो मोडायचा नाही. तुमच्या पात्राला जेवढं माहीत, तेवढंच तुम्हाला माहीत असेल. दुसऱ्या नटाशी त्याच्या पात्राविषयी बाहेर बोलायचं नाही, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नाही. तालीम थांबली की नटाने आधी पात्रातून बाहेर यायचं आणि मगच बोलायचं. तेही ‘मला राग आला’ असं नाही, तर ‘तिला राग आला’ असं. हे वरवर पोरकट वाटतं, पण यामागे फार व्यवहारी शहाणपण आहे. तासन् तास दुसऱ्या कुणाचा तरी राग अंगात घेऊन बसलेल्या माणसाला तो राग खुंटीला टांगून ठेवण्याची जागा लागते. हे सगळं सहा-सहा महिने चालू शकतं. निर्माता म्हणून अशा चित्रपटात पैसे घालायला छाती लागते, कारण त्याच्यापुढेही वाचायला संहिता नसते.

या तालमी बघायला बसलो तर आपल्याला त्या कंटाळवाण्या वाटतील असा माझा अंदाज आहे. खऱ्या माणसांचं बोलणं असतंच तसं. अर्धा तास काही नाही, मग एक वाक्य असं येतं की सगळ्यांच्या माना वर होतात. दिग्दर्शकाचं काम ते वाक्य ओळखण्याचं. सहा महिन्यांच्या अखेरीस ली प्रसंगांचा एक त्रोटक आराखडा लिहितात, काही पानांचाच, संवादांशिवाय. मग प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागी जाऊन नटांना तोच प्रसंग पुन्हा उत्स्फूर्तपणे करायला लावतात. आता मात्र कात्री हातात असते. हे वाक्य ठेव, ते दोनदा आलंय, ही माहिती आधी दे, इथे गप्प रहा. करत करत वीस मिनिटांचा पसारा तीन-चार मिनिटांवर येतो. सहायक प्रत्येक वाक्य लिहून घेतो. ते पक्कं झालं, तालमीत घोटलं गेलं, की मग कॅमेरा. म्हणजे संहिता असतेच. फक्त ती टेबलाशी बसून लिहिलेली नसते, आणि तिच्यात नंतर कुणी पदरचं घालू शकत नाही.

‘सिक्रेट्स अँड लाइज’ (1996) मधला एक प्रसंग घेऊ. हॉर्टेन्स ही लंडनमधली तरुण, कृष्णवर्णीय नेत्रतज्ज्ञ. ती दत्तक गेलेली आहे. पालक वारल्यावर ती जन्मदात्या आईचा शोध घेते, तेव्हा कागदपत्रांवरून कळतं की आई गोरी आहे: सिंथिया, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात काम करणारी, सतत रडवेली बाई. दोघी हॉबर्न या भुयारी रेल्वेच्या स्थानकाबाहेर भेटतात आणि एका ओस पडलेल्या कॅफेत जाऊन बसतात.

सिंथिया झालेल्या ब्रेंडा ब्लेथिनला तालमीत ही भेट होईपर्यंत माहीत नव्हतं की जिला भेटायचंय ती मुलगी कृष्णवर्णीय आहे. तिच्या पात्राने तरुणपणी मूल न बघताच देऊन टाकलं होतं, एवढंच तिला ठाऊक. त्यामुळे पहिल्या तालमीत तिला वाटलं ते तिच्या पात्राला वाटणारच होतं: काहीतरी चूक झालीय. हे शक्यच नाही. पोरी, तुला कुणीतरी चुकीचा पत्ता दिला.

आता पडद्यावरचा प्रसंग बघा. दोघी एकाच बाजूला शेजारी शेजारी बसल्यात, तोंडं आपल्याकडे. कॅमेरा समोर स्थिर. जवळजवळ आठ मिनिटं तो हलत नाही आणि मध्ये एकही कट नाही. सिंथिया नाकारते, समजूत घालते, आपण कुठल्या काळ्या माणसाबरोबर कधी नव्हतोच असं सांगू लागते, आणि बोलता बोलता थबकते. काहीतरी आठवतं. चेहऱ्यावरचा रंग उतरतो. ती मान फिरवते आणि कोसळते. हॉर्टेन्स शेजारी बसून हे बघत राहते, आणि आपण दोघींना एकाच वेळी बघतो.

हा शॉट तांत्रिकदृष्ट्या काय मागतो ते लक्षात घ्यायला हवं. हा फिल्मच्या रिळांचा काळ. पस्तीस मिलिमीटरच्या 1000 फुटांच्या रिळावर साधारण अकरा मिनिटं मावतात. 400 फुटांच्या लहान रिळावर साडेचार मिनिटांनाही थोडं कमी. म्हणजे आठ मिनिटांचा टेक घ्यायचा तर एक मोठं रीळ एकाच प्रयत्नाला जातं. त्यात नट ‘सुचेल तसं’ बोलले तर प्रसंग आठ मिनिटांत संपेल याची हमी नाही. आठवण येण्याचा तो क्षण दुसऱ्या मिनिटाला येईल किंवा रीळ संपल्यावर येईल. आणि मध्ये कट नसल्याने संकलकाला काहीही वाचवता येणार नाही. इतकं उघडं, इतकं कच्चं वाटणारं ते आठ मिनिटांचं बोलणं उभं राहतं ते वाक्यं ठरलेली असल्यामुळेच. ब्लेथिनला त्या वर्षी कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला, चित्रपटाला सर्वोच्च सन्मान. पहिल्या तालमीतला खरा धक्का काय असतो हे तिला कळलं होतं, हा अर्धा भाग. ठरलेली वाक्यं बोलताना तो धक्का पुन्हा नव्याने उभा करणं, हा उरलेला आणि अवघड अर्धा.

कॅमेऱ्यापुढेच मोकळं सोडलं तर काय होतं, याचा धडा मी फार स्वस्तात शिकलो. तरुणपणी एका मराठी चित्रपटाच्या सेटवर कंटिन्युइटीची वही माझ्याकडे होती. जेवणाचा प्रसंग. मास्टर शॉटमध्ये एका अनुभवी नटाने भाकरी मोडता मोडता एक वाक्य पदरचं घातलं. इतकं फर्मास की ‘कट’ म्हटल्यावर सगळे मोकळेपणी हसले. दिग्दर्शकाने टेक ओके केला. मग कॅमेरा फिरवून दुसऱ्या बाजूचा सजेशन शॉट लावला, तोवर तासभर गेला. आता तेच वाक्य पुन्हा हवं होतं. नटाला ते नेमकं आठवेना. आठवलं तेव्हा भाकरी मोडून झाली होती. पुढच्या टेकला शब्द बरोबर आले, पण समोरची नटी वाक्य संपायच्या आत बोलली, कारण तिचा क्यू जुन्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर होता. वहीत मी काय लिहावं ते मला कळेना. संकलनात ते वाक्य गेलं. सेटवर सगळ्यात जास्त आवडलेलं वाक्य चित्रपटात नाही, असा प्रकार त्यानंतर मी अनेकदा पाहिला.

अडचण साधी आहे. एकाच कॅमेऱ्याने काम करताना तोच प्रसंग आधी दुरून, मग एकाच्या बाजूने, मग दुसऱ्याच्या, असा अनेकदा करावा लागतो, आणि संकलक हे तुकडे शिवतो. शिवण बसायला कापडाच्या कडा जुळाव्या लागतात: तोच शब्द, त्याच क्षणी हातात तोच पेला. म्हणून ज्यांना सेटवर उत्स्फूर्तपणा हवाच असतो, ते दोन कॅमेरे एकाच वेळी दोन्ही चेहऱ्यांवर लावतात. मग प्रकाशयोजनेत तडजोड करावी लागते, कारण दोन्ही बाजूंना एकदम छान उजेड देणं कठीण. आपल्याकडे यात आणखी एक भानगड होती. कित्येक दशकं सेटवरचा आवाज फक्त आधारापुरता धरला जाई आणि काही महिन्यांनी डबिंगच्या खोलीत नट पुन्हा बोले. उन्हात, घामात, ओघात निघालेलं पदरचं वाक्य थंडगार खोलीत ओठांशी जुळवून म्हणायचं. त्यात काय उरणार? ‘लगान’ (2001) सारख्या चित्रपटांनी सेटवरचाच आवाज वापरायला सुरुवात केल्यावर ही गोष्ट बदलत गेली.

फसलेला उत्स्फूर्त प्रसंग प्रेक्षकालाही ओळखता येतो. प्रत्येक वाक्याला कट असतो आणि एका चौकटीत एकच माणूस दिसतो, कारण दोघं एकत्र दिसतील असा धड तुकडाच सापडलेला नसतो. नट एकमेकांचं वाक्य प्रश्न करून परत विचारतात: ‘मी उद्या जातोय.’ ‘उद्या जातोयस?’ वाक्य सुचेपर्यंत वेळ काढण्याची ही हुकमी युक्ती. भांडण असेल तर ते लवकरच आरडाओरड्यावर येतं, कारण शब्द संपले की आवाज चढतो. आणि प्रसंग संपत नाही, फक्त तोडला जातो.

मग कॅमेऱ्यापुढे जे सुचलं ते टिकलं, अशी उदाहरणं नाहीत का? आहेत, पण ती कुठे टिकली ते पाहण्यासारखं आहे. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (1976) मधला आरशापुढचा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध. पॉल श्रेडरच्या पटकथेत तिथे संवाद नव्हते. नायक आरशात बघून स्वतःशी बोलतो, एवढीच सूचना. बाकीचं रॉबर्ट डी निरोने केलं. पण खोलीत दुसरं कुणी नाही. कुणाचा क्यू चुकत नाही, कुणाचं उत्तर अडत नाही, कथानकाचा एकही धागा त्या बोलण्यावर लोंबकळत नाही. लेखकानेच जागा मोकळी सोडली होती. अशी जागा नसताना भर प्रसंगात घुसलेलं वाक्य बहुधा शेवटच्या ओळीला, म्हणजे ज्याला उत्तर द्यायचं नाही अशा ठिकाणी, टिकतं.

याच्या अगदी उलट टोकाला ‘द सोशल नेटवर्क’ (2010). पहिलाच प्रसंग: पबमध्ये एक विद्यार्थी आणि त्याची मैत्रीण बोलताहेत, आणि बोलणं संपेपर्यंत त्यांचं नातं तुटतं. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने या प्रसंगाचे 99 टेक घेतले. लेखक अ‍ॅरन सॉर्किनच्या वाक्याला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. कुणाला हा हट्ट वाटेल, पण संवादांची बांधणी पाहिली की कारण दिसतं. तो मुलगा एकाच वेळी दोन विषयांवर बोलतोय. ती एका प्रश्नाचं उत्तर देते तेव्हा तो दुसऱ्यावर गेलेला असतो आणि तिच्या उत्तराला तो तीन वाक्यांनंतर, भलत्याच ठिकाणी हरकत घेतो. त्यातला एक शब्द बदला, पुढची तीन उत्तरं अधांतरी. शिवाय वेग. पटकथेच्या पानाला पडद्यावर एक मिनिट असा धंद्यातला ढोबळ हिशेब असतो. ही पटकथा 162 पानांची, चित्रपट दोन तासांचा. नटांनी विचार करायला थांबून चालणारच नव्हतं.

मग 99 टेक कशासाठी? वाक्यं पाठ नव्हती म्हणून नव्हे. वाक्यं इतकी अंगवळणी पडावीत की ती बोलताना नटाचं वाक्याकडे लक्षच राहू नये, यासाठी. हे डिजिटल कॅमेऱ्यामुळे परवडलं. फिल्मवर एवढी रिळं जाळायची परवानगी कुठला निर्माता देईल? गंमत अशी, की ली सहा महिने मोकळे सोडून जिथे पोचतात, तिथेच फिंचर शब्दाला शब्द घोकून पोचू बघतो: नट बोलतोय असं वाटू नये, माणूस बोलतोय असं वाटावं.

अंधारात ठेवून नटाकडून खरी प्रतिक्रिया काढण्याची तिसरी एक वाट आहे, आणि तिच्याविषयी माझं मत फारसं बरं नाही. केन लोच यांचा ‘केस’ (1969) मी अत्यंत आवडीने पाहतो. त्यात मुख्याध्यापक शाळकरी मुलांना छड्या मारतात. त्या छड्या खऱ्याच मारलेल्या होत्या. प्रसंग विलक्षण आहे, आणि प्रत्येक वेळी बघताना मी मुलांच्या हातांकडे बघतो, गोष्ट विसरतो. ली यांच्या पद्धतीतही नटाला अंधारात ठेवलेलं असतं, पण तिथे धक्का तालमीत बसतो, नटाला पात्रातून बाहेर यायला जागा असते, आणि पडद्यावर काय जाणार हे त्याला कॅमेऱ्यापुढे उभं राहताना माहीत असतं.

‘व्हेरा ड्रेक’मधला तो प्रसंग आता पुन्हा लावून बघा. पोलीस आत येतात. कॅमेरा व्हेराच्या चेहऱ्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. हसू अजून ओठांवर आहे, पण डोळ्यांतून गेलंय. नंतर ओठांवरूनही जातं. टेबलाशी बसलेल्यांना अजून काही समजलेलं नाही. नवरा बुचकळ्यात पडलाय. ली यांना पटकथेसाठी ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, त्यातलं एक याच चित्रपटासाठी. या प्रसंगाच्या ऐन मध्यावर, जिथे स्टाँटनचा चेहरा उतरत जातो, तिथे तिला एकही वाक्य दिलेलं नाही.